इफ्फत खानमची काळी बोटं

"आई, ते हात तेवढे लिंबाने घास आणि तिथे अंगावरच्या चादरीतच ठेव," कियूमर्स म्हणाला, आणि इफ्फत खानमचं डोकंच फिरलं.

सावेच्या डाळिंब-रसाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तिने दर हिवाळ्याच्या तोंडाशी दाणे काढले होते. सालीचा डाग नखांत, बोटांच्या चिरांत असा मुरला होता की लिंबाच्या बापानेही तो जाणार नव्हता. याच बोटांवर पोरगा शिकला, आता आरशासारखे बूट घालून बँकेत बसतो, आणि आज यल्दाचा, हिवाळ्यातल्या सगळ्यांत लांब रात्रीच्या सणाचा, नजराणा घेऊन होणाऱ्या सुनेच्या घरी जायचं तर बोटं लपवायची!

सकाळी बाजारातही तेच झालं. मश हैदरच्या दुकानात तिने नेहमीप्रमाणे सारख्या आकाराची दोन डाळिंबं दोन तळहातांवर घेतली. जे हात खाली ओढेल ते आपलं. साल ताणून बसलेली हवी. आत दाणे खच्चून भरले की फळाला कड येते, बाजू चपट्या होतात. रंग गडद हवा, तोही मुकुटापासून बुडापर्यंत सगळीकडे. चकाकी गेली खड्ड्यात.

"आई, पुरे ना! लोक बघतायत," कियूमर्स कुजबुजला. त्याने गोल गरगरीत, तकतकीत लाल अशी वीस डाळिंबं पटापट परातीत मांडली.

"उचलून तरी बघ. हलकी आहेत रे, फुग्यासारखी."

"नजराणा बघायचा असतो, जोखायचा नसतो."

मश हैदरने मिशीत हसून वजन केलं. इफ्फत खानमने रागारागाने सात खरबरीत, बोजड फळं वेगळी घेऊन पिशवीत टाकली. घरी पोराने त्या वीस फळांना तेलाचं बोट फिरवलं, वर फीत बांधली. तिने एकाला टिचकी मारली, तर बद्द आवाज आला. पण त्याला सांगून काय उपयोग!

दुपार कलता कलता ते पोचले. सुनेची आई फरंगीस खानम तेहरानच्या, बोलणं साखरेसारखं. काकवा, माम्या, शेजारणी, सगळ्या परातीभोवती जमल्या. "किती देखणी!" असं म्हणत त्यांनी पहिलं फळ कापलं. आत अर्धं तपकिरी, कुजकं. दुसरं कापलं तर दाणे फिकट, सुकलेले. तिसऱ्याला कुणी हात लावेना. एक मामी उगाचच चहा आणायला उठली. कियूमर्सची मान पार छातीत गेली.

हीच अद्दल हवी होती, असं इफ्फत खानमला एक क्षण वाटलं. पण पोटचा पोरगा. त्याचा चेहरा बघवेना. झक मारत तिने चादर मागे टाकली, सोबत आणलेली पिशवी पुढे ओढली.

"एक सुरी आणि लाकडी चमचा द्या."

मुकुटाभोवती उथळ चीर देऊन तिने टोपी उचलली. आत पांढरे पडदे दिसले. त्या प्रत्येक पडद्याच्या रेघेवर तिने वरून खाली सालीपुरती चीर मारली, दाण्याला धक्का नाही. मग अंगठे घालून फळ उकललं, जरा ताणून सैल केलं, एक भाग तळहातावर पालथा धरला आणि पाठीवर चमच्याने सपासप मारलं. बोटांच्या फटींतून दाणे वाडग्यात बरसले. पांढरा एखादाच तुकडा पडला, तोही तिने नखाने उडवला. बायका फळं मोजत राहिल्या. चहा येईस्तोवर चार फळं रिकामी झाली होती.

"वा!" फरंगीस खानम दाणे तोंडात टाकून म्हणाल्या. "काय रस! आणि ही निवडली कुणी?"

"मीच," कियूमर्स चटकन बोलला. बोलताना तो आईकडे बघत नव्हता. "परात तर नुसती शोभेची होती. खायची मी वेगळी काढून ठेवली होती."

इफ्फत खानमच्या हातातला चमचा थांबला. इतक्या लोकांत पोराला खोटं पाडायचं कसं? इतका संताप तिला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि तो तसाच आत ठेवून तिने पाचवं फळ उचललं.

फरंगीस खानमची मुलगी, होणारी सून माहलका, हे सगळं बघत होती. ती उठली. परातीतलं एक तकतकीत आणि पिशवीतलं एक खरबरीत, दोन्ही तिने कियूमर्सच्या हातांवर ठेवली.

"कुठलं चांगलं, कियूमर्स?"

तो गडबडला. सवयीने त्याने लाल उचलून धरलं.

माहलकाने त्याच्या स्वच्छ, गोऱ्या बोटांकडे पाहिलं. मग ती इफ्फत खानमशेजारी मांडी घालून बसली, तिचा काळा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, मला शिकवा. माझी बोटंही अशी व्हायला किती वर्षं लागतील?"