फोटोखालची बारीक ओळ

आमच्या हितेंद्रला ‘नाही’ म्हणता येत नाही. गिऱ्हाईक भर दुपारी येऊन म्हणालं, वेबसाईटचा रंग बदला, की हा हातातला घास ताटात ठेवून उठतो. वर म्हणतो, “होऊन जाईल!” मी त्याला कितीदा सांगितलं, अरे, डोक्यावर घेतलंस की लोक नाचतात. पण ऐकेल तो हितेंद्र कसला! समोरच्याचं तोंड जरा वाकडं झालं की हा लगेच हो म्हणून मोकळा होतो.

गाव त्याचं पाचोऱ्याजवळचं. शिकायला जळगावला आला आणि इथलाच झाला. बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने वेबसाईट बनवायचं काम सुरू केलं. मी, कामिनी, तिथे मराठी मजकूर टाईप करते, फोटो साफ करते आणि त्याला ओरडते. मी वयाने मोठी म्हणून तो मला ताई म्हणतो. केळीचे व्यापारी, शाळा, दवाखाने, सगळ्यांची कामं आम्ही करतो. आणि धुळ्याच्या एका वधू-वर मंडळाचं. ते काम आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, त्याचं आता मला वाईट वाटतं.

मंडळाची वेबसाईट चांगली चालली होती. प्रत्येक मुला-मुलीचं वेगळं पान. बाहेरच्याने उघडलं तर फोटो, नाव आणि शिक्षण एवढंच दिसायचं. बाकीची माहिती लॉगिन केल्यावर, आणि तीही त्या घराने परवानगी दिली तरच. मंडळाचे सेक्रेटरी रुपचंद आप्पा. माणूस तसा भला, पण घाईचा. त्यांचा फोन आला, “अरे भाऊ, दुसऱ्या मंडळाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की मस्त फोटो येतो, नाव येतं. आपली टाकली की नुसती निळी अक्षरं! कोण उघडणार?”

“होऊन जाईल, आप्पा.”

आणि झालंही. हे कसं असतं, ते हितेंद्रनेच मला शिकवलं. पानाच्या डोक्यात काही ओळी लिहायच्या, त्या पान उघडणाऱ्याला दिसत नाहीत. एक शीर्षकाची, एक वर्णनाची, एक फोटोच्या पत्त्याची. आपण लिंक चिकटवली की व्हॉट्सॲप गुपचूप जाऊन त्या ओळी वाचतं आणि त्यातून चौकट बनवतं. वर फोटो, खाली ठळक नाव, त्याखाली बारीक अक्षरात वर्णन. फोटो जड असला तर येतच नाही, उभा असला तर कधी कधी डोकंच कापलं जातं. म्हणून मी प्रत्येकाचा फोटो आडव्या पट्टीत मधोमध बसवून हलका करून दिला. वर्णनाची ओळ मात्र हातानं कोण लिहीत बसणार? हितेंद्रने ती फॉर्ममधून आपोआप उचलली. वय, उंची, गाव, वैवाहिक स्थिती.

आमच्या वेबसाईटला लॉगिनचं कुलूप होतं. पण ह्या ओळी कुलपाच्या बाहेरच ठेवाव्या लागतात, नाहीतर व्हॉट्सॲपला वाचता येणार नाहीत. दाराला कुलूप आणि आतलं सगळं पाटीवर लिहून ठेवलेलं, असा तो प्रकार झाला. ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्याने दहा-बारा लिंका मला पाठवून बघितल्या. सगळ्यांच्या खाली ‘अविवाहित’. किती छान दिसतंय, म्हणाले मी.

शिंदखेड्याच्या गिरधर नानांची मुलगी कोकिळा नरडाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिचं लग्न एकदा झालं होतं, वर्षाच्या आत मोडलं. फॉर्म भरताना तिने आप्पांना स्वच्छ सांगितलं होतं, “मी काही लपवणार नाही. पण मुलाकडच्यांना मी स्वतः सांगणार, पहिल्या भेटीत, समोर बसून. त्याआधी कुठे दिसायला नको.” आप्पांनी हितेंद्रला निरोप दिला, हितेंद्रने ती माहिती लॉगिनच्या आत टाकली. खुद्द त्यानेच!

मग पाचोऱ्याच्या कुंदाबाईंकडून विचारणा आली, त्यांच्या मुलासाठी, ललितसाठी. भेटीचा रविवार ठरला. कुंदाबाई म्हणाल्या, पोरीची लिंक तेवढी पाठवा. नानांनी मोठ्या हौसेने पाठवली. पोरीचा फोटो एवढा ऐटीत आलेला बघून ते खूश. खालची बारीक ओळ वाचायला चष्मा लागतो, तो त्यांनी शोधलाच नाही. कुंदाबाईंनीही न वाचता तसाच मेसेज त्यांच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर ढकलला. मेसेज पुढे गेला की चौकटही सोबत जाते. कुंदाबाईंच्या आधी त्यांच्या जावांनी, नणंदांनी वाचलं, ‘शिंदखेडा, घटस्फोटित’. आणि मग काय! आम्हाला फसवत होते, इथपासून सुरुवात झाली. पाचोऱ्याहून निरोप आला, रविवारची भेट रद्द.

रुपचंद आप्पांनी नानांनाच झापलं. “तुम्ही लॉगिन करून लिंक पाठवली असणार, नाना. म्हणून आतलं बाहेर गेलं.” आणि खात्री करायला हितेंद्रला फोन लावला. नाना लाईनवर होते. आप्पा म्हणाले, “असंच झालं असेल ना रे?”

हितेंद्र म्हणाला, “असू शकतं.”

फोन ठेवल्यावर त्याने तपासलं. लॉगिनचा काही संबंधच नव्हता. लिंक कोणीही पाठवली असती तरी तेच दिसलं असतं. त्याने ती वर्णनाची ओळ काढली, तिथे फक्त मंडळाचं नाव टाकलं, आणि मला लिंक पाठवली. परत पाठवली. परत पाठवली. माझा फोन टणटण वाजतोय, हा पलीकडच्या खुर्चीत घामाघूम!

“अरे, काय लावलंयस?”

“ताई, नवीन मेसेजमध्ये बरोबर येतंय. पण जुना?”

“जुना काय?”

“चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर बनते आणि मेसेजसोबतच जाते. इथे मी काहीही बदललं तरी गेलेला मेसेज बदलत नाही. तो त्यांच्या ग्रुपवर तसाच राहणार.” आणि मग त्याने सगळं सांगितलं, ते ‘असू शकतं’ही.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. “आप्पांना आत्ता फोन लाव” म्हणाले. तो हो म्हणाला आणि लावला नाही. मंडळाचं काम जाईल, आप्पा चिडतील, उद्या लावतो. उद्याचा परवा झाला. चेहरा मात्र असा झाला होता, की कोणी घरी वारलंय का म्हणून खालचा बियाणेवाला विचारून गेला. केळीवाल्याच्या वेबसाईटवर त्याने शाळेचा फोन नंबर टाकला. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा. मला राग येत होता आणि कीवही येत होती.

शेवटी नानांची हालत आप्पांकडूनच कळली. मंडळाच्या दुसऱ्या कसल्याशा कामासाठी त्यांनी फोन केला होता. बोलता बोलता म्हणाले, “त्या गिरधर नानाचं काही खरं नाही. स्वतःच्या हातून पोरीचं वाटोळं झालं म्हणतो. फोन कपाटात ठेवून दिला, पोरीसमोर बसत नाही, जेवत नाही.”

हितेंद्रने फोन ठेवला आणि उठला. “ताई, तू येशील का? एकट्याने मुलीच्या घरी कसं जाऊ?”

रविवारी सुरत लाईनच्या गाडीने निघालो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, शिंदखेड्याला उतरलो.

घर साधंच होतं. कोकिळाने दार उघडलं. आम्ही वेबसाईटवाले म्हटल्यावरही तिने आत घेतलं. नाना भिंतीला टेकून बसले होते. गाल बसलेले. हितेंद्रला बघून तेच आधी अहिराणीत बोलले, “बठ, भाऊ, बठ. तुन्हा काय दोष? बठ्ठी मन्हीच चूक शे.” सगळा दोष ते स्वतःकडेच घेत होते.

आणि हितेंद्र रडायलाच लागला. चांगला बाप्या माणूस! कसाबसा म्हणाला, “नाही नाना. तुमची काही चूक नाही. तुम्ही काही चुकीचं दाबलं नाही. ती ओळ मी लिहिली होती. कोणीही लिंक पाठवली असती तर तेच झालं असतं. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

नानांना आधी उमजेना. “म्हणजे? मना हातथून नई झायं?”

“नाही नाना. माझ्या हातून झालं.”

मला वाटलं, आता नाना शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण ते वळले, कोकिळाकडे बघितलं आणि म्हणाले, “ऐकं का, बाई? मना हातथून नई झायं.” एवढं म्हणून लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. ती धावत जाऊन त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हितेंद्र म्हणाला, “मी पाचोऱ्याला जातो. कुंदाबाईंना सांगतो, तुम्ही लपवत नव्हता म्हणून. आप्पांना इथूनच फोन करतो.”

“आप्पांना करा,” कोकिळा म्हणाली. “पाचोऱ्याला नको. त्यांना मला विचारता आलं असतं.”

त्याने तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. आप्पा इतके ओरडले, की पलीकडचा आवाज मला ऐकू आला. काम दुसऱ्याला देतो म्हणाले. ह्या वेळी तो “होऊन जाईल” म्हणाला नाही. “द्या, आप्पा. पण आधी नानांची माफी मागा,” म्हणाला. माझा राग तिथे निम्मा उतरला, खोटं कशाला बोलू!

उठायला लागलो तर नाना सोडेनात. दारात आलेला माणूस उपाशी जाऊ नये म्हणून. कोकिळाने ताटं वाढली, भाकरी आणि शेवेची भाजी. नाना मुलीच्या शेजारी बसून जेवत होते, मागून घेत होते. हितेंद्रने मात्र हातातला घास ताटात ठेवला. तो खाली मान घालून कोकिळाला म्हणाला, “ताई, माझ्यामुळे तुमचं ठरत आलेलं मोडलं. मला माफ करा.”

कोकिळा नानांच्या ताटात भाजी वाढत होती. तिने वर बघितलं नाही.

“ती ओळ चुकून गेली. चूक कोणाकडूनही होते, त्याचं मी काही मनात ठेवत नाही,” ती म्हणाली. “पण तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना? त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर माझे वडील त्याच दिवशी जेवले असते.”