मागच्या सीटची हरकत

वडील गेल्यावर त्यांची स्कूटर माझ्या नावावर करून घ्यायला मी आरटीओत गेलो, आणि खिडकीतल्या कारकुनाने माझा फॉर्म वाचून चष्मा कपाळावर सरकवला. बाहेरच्या टेबलवाल्याकडून गाडी नावावर करायचा फॉर्म म्हणून मी जो मागून आणला होता, तो विक्रीचा होता. त्यात विकणाऱ्याचं नाव असा रकाना होता. मी पेन दातात धरून बराच विचार केला आणि तिथे वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. ते हयात नाहीत हे सरकारपासून लपवायला नको, म्हणून नावाआधी प्रामाणिकपणे 'कै.' असंही लिहिलं.

"कैलासवासी माणसाला गाडी विकता येत नाही," कारकून म्हणाले. "घेताही येत नाही. नमुना एकतीस आणा."

माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ खोकल्यासारखं हसले. मी फॉर्मची चार घड्यांची पुडी केली, खिशात घातली आणि काय काय आणायचं ते विचारलं. कारकुनांनी मान वर न करता सांगितलं, पण एकही गोष्ट गाळली नाही. मालक वारल्यावर वारसाने भरायचा तो एकतीस नंबरचा नमुना, मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा, धुराचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत, स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. वारल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज यायला हवा. दोन महिने होऊन गेले होते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. स्कूटर मला नको होती. तिला पंधरा वर्षं व्हायला अजून चार होती, पण सकाळी चालू व्हायला ती अर्धा तास वाकवून घ्यायची, तसाच अर्धा तास वडीलही कित्येक वर्षं रोज वाकले होते. आमच्या सोसायटीत एका घराला एकच गाडी लावायची जागा. तिथे माझी मोटरसायकल उभी असे आणि स्कूटर जिन्याखाली, प्लास्टिकचं कापड पांघरून. एका रविवारी ओळखीचा गॅरेजवाला येऊन तिचे टायर दाबून गेला होता. नावावर झाली की घेऊन जा, असं मी त्याला जिन्यात, हळू आवाजात सांगितलं होतं. हळू आवाजात, कारण आत आई होती.

वारस आम्ही तिघं. आई, मी आणि बहीण. बहीण लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवते. नोटरीकडे सही करायला ती दोन बस बदलून आली आणि आल्या आल्या म्हणाली की दादा, तुझी कामं नेहमी माझ्या रजेच्या दिवशीच निघतात. कोर्टाजवळ झाडाखाली टायपिस्टच्या टेबलाशेजारी नोटरीचं टेबल होतं. मजकूर टाइप झाला. सदर वाहन अर्जदाराच्या नावे करण्यास आमची काहीही हरकत नाही. बहिणीने सही ठोकली. आईने पर्समधून चष्मा काढला, पुसला आणि सगळा कागद सावकाश वाचला. ती जुन्या काळची मॅट्रिक. न वाचता तिने कधी दुधाच्या कार्डावरसुद्धा सही केली नाही.

नोटरी वयस्कर होते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, आपली काही हरकत नाही ना?"

"आहे," आई म्हणाली.

टायपिस्ट थांबला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. नोटरींनी बहुधा हा प्रश्न हजारो लोकांना विचारला असेल, पण उत्तर ऐकायची सवय त्यांना उरली नसावी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काय हरकत आहे, असं विचारलं.

"हा ती विकणार आहे," आई म्हणाली. "तो गॅरेजवाला टायर बघून चहा न घेता गेला. आपल्याकडे येऊन चहा न घेता कोण जातं? ज्याचं मन खातं तो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून जागेचं बोललो, धुराचं बोललो, सुटे भाग मिळत नाहीत हे बोललो. सगळं खरं होतं, म्हणून ते आणखी वाईट वाटत होतं. आईने ऐकून घेतलं. मग नोटरींना म्हणाली की गाडी माझ्या नावावर करा.

"आई, तुला चालवता येते का?" मी विचारलं.

"यांनाही शेवटची दोन वर्षं येत नव्हती. नावावर होतीच की."

मी मदतीसाठी नोटरींकडे पाहिलं. त्यांनी मला काही मदत केली नाही. गाडी बाळगायला लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं, असं ते म्हणाले आणि टायपिस्टला नवीन स्टॅम्प पेपर काढायला सांगितलं. आता वारस म्हणून अर्जदार आई होती आणि ना-हरकत द्यायचं होतं मी आणि बहिणीने. बहिणीने सही करताना माझ्या कानात विचारलं, दादा, तुझी काही हरकत नाही ना? तिला मी लहानपणी फारसा त्रास दिला नव्हता. ती चूक झाली.

आरटीओत जायच्या दिवशी आई साडी बदलून दारात उभी राहिली. मी म्हणालो, सही घरूनच दे, मी देऊन येतो. ती म्हणाली की मागल्या वेळी तू एकटा गेलास तेव्हा काय लिहून आलास ते तुझ्या बायकोने सांगितलंय मला.  जिन्याखालची स्कूटर काढली. अकरा किका मारल्या. आई शेजारी उभी राहून मोजत असावी, कारण नववीला ती म्हणाली, चोक ओढलास का? चोक ओढला नव्हता.

ती मागे बसली. एका बाजूला, पर्स मांडीवर, उजवा हात माझ्या खांद्यावर. इतकी वर्षं मी तिला त्या सीटवर पाहिलं होतं, पण रस्त्याच्या कडेला उभा राहून. मंडईतून येताना, लग्नाला जाताना, दवाखान्यातून परतताना, वडिलांच्या मागे बसलेली. तो हात खांद्यावर कसा असतो हे मला माहीत नव्हतं. ती धरत नव्हती, नुसता ठेवत होती. खड्डा आला की मात्र खड्ड्याच्या आधीच दाबायची. संगम पुलापर्यंतचे सगळे खड्डे तिला पाठ होते.

आवारात पोहोचल्यावर लक्षात आलं, चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा राहिला होता. कागद पत्र्यावर ठेवून वरून पेन्सिल घासायची, की खालचे आकडे उमटतात. मी स्टेपनीच्या बाजूला गुडघ्यावर बसून शोधत होतो. पाच मिनिटं झाली.

"तिथे नाही. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढ," आई म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"दर दसऱ्याला हे बाहेरून धुवायचे आणि आतून मी पुसायची. आकडे आहेत तिथे पूजेची हळद लागायची, ती निघायची नाही."

झाकण काढलं. आकड्यांच्या खाचांत खरंच पिवळं होतं. मी कागद ठेवला, पण एका हाताने तो दाबून राहीना, सरकायला लागला. आई पदर खोचून वाकली आणि तिने कागदाची दोन टोकं दोन अंगठ्यांनी दाबून धरली. मी पेन्सिल घासली. एकेक आकडा वर आला.  ठसा चांगला आला.

खिडकीत तेच कारकून होते. त्यांनी मला ओळखलं असावं, पण दाखवलं नाही. कागद एकेक उलटले. नमुना एकतीस पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला, ना-हरकत दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच मान वर करून आईला विचारलं, "आजी, गाडी चालवणार कोण?"

"हा चालवेल. मी मागे बसणार."

"मग हेल्मेट घ्या."

"तेवढं सोडून बोला," आई म्हणाली. पुण्यात याला उत्तर देता येत नाही. 

कारकुनांनी आरसी बुक ओढून घेतलं आणि उघडलं. पहिल्या पानावर वडिलांचं नाव होतं, शाई थोडी फुटलेली. तेव्हा आईने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला. घरून निघाल्यापासून तिला हेच विचारायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"यांचं नाव खोडणार का?"

 कारकुनांनी पुस्तक फिरवून तिच्याकडे केलं, पान उलटलं आणि मालक बदलल्याची नोंद करायची जागा बोटाने दाखवली.

"खोडत नाही, आजी. पहिलं पान आहे तसंच राहतं. आपलं नाव इथे येईल. पुढच्या पानावर."

"म्हणजे यांच्या मागे."

"हो. मागेच."

आईने मान हलवली. मग कुठे सही करायची ते विचारलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण करत सही केली. कारकुनांनी पावती दिली, पंधरा दिवसांनी पुस्तक न्यायला या म्हणाले, आणि विम्यावरचं नावही बदलून घ्या, ते करायचं लोक विसरतात, असं मला बजावलं. 'लोक' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

येताना आई म्हणाली, कसब्यातून घे, गणपतीपुढे थांबू. थांबलो. ती दर्शन घेऊन बाहेर आली आणि तिने गाडीच्या हँडलला हळद-कुंकवाचं बोट लावलं. मालक ती होती. 

पंधरा दिवसांनी पुस्तक आलं. आईने ते दोन पानं उलटसुलट करून बघितलं आणि वडिलांच्या कपाटात ठेवलं. गॅरेजवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, मला वाटलंच होतं, तुमच्या आई दारातून ज्या नजरेने बघत होत्या त्यावरून. सोसायटीतली गाडी लावायची जागा आता स्कूटरला आहे. माझी मोटरसायकल जिन्याखाली, त्याच प्लास्टिकच्या कापडाखाली असते.

पुस्तक आलं त्या दिवशी संध्याकाळी बायको धुण्याचे कपडे काढत होती. इतके दिवस खुंटीवरच राहिलेल्या माझ्या पँटच्या खिशातून तिला ती चार घड्यांची पुडी सापडली, पहिला, चुकलेला फॉर्म. तिने तो उलगडून पलंगावर सपाट केला. 'कै.' वाचून ती हसेल म्हणून मी तयारीत होतो. ती हसली नाही. तिने फॉर्म खालपर्यंत वाचला.

"अहो, विकणाऱ्याचं नाव लिहिलंत, ते कळलं," ती म्हणाली. "पण घेणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या, सहीची जागा कोरीच आहे. गाडी घरातून जायला हरकत काही एकट्या आईंची नव्हती."