चौथ्या कोर्टाची भिंत

नकाशात बॅडमिंटनची चार कोर्टं होती. निळ्या रेघांची, एकसारखी, देखणी. आमच्या शाळेच्या नव्या हॉलचा तो नकाशा संस्थेच्या सचिवांनी टेबलावर पसरला तेव्हा मी लहान पोरीसारखी हरखून गेले. विभागाची मुलींची स्पर्धा पहिल्यांदा बालाघाटला, आमच्याकडे व्हायची होती. आयोजकांच्या पत्रात अट स्पष्ट होती: चार कोर्टं हवीत, आणि प्रत्येक कोर्टाच्या चारी बाजूंना दोन मीटर मोकळी जागा. नसेल तर स्पर्धा दुसऱ्या गावाला जाणार.

खेळाची शिक्षिका मी. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यामुळे त्या दिवशी मी हसले याचंच सचिवांना जास्त समाधान वाटलं असावं.

हॉलचं छप्पर चढलं, फरशी झाली. फक्त एका टोकाला सचिवांच्या ऑफिसची आडवी भिंत उभी राहायची होती. मिस्त्रीने तिच्यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतींत खिळे ठोकून कमरेच्या उंचीवर सुतळी ताणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विटा लागणार होत्या. मी टेप घेऊन गेले ती सवयीने. ही सवय बाबांची. ते तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि तिथलं व्हॉलीबॉलचं मैदान आखायचं काम त्यांचं. अठरा बाय नऊ मीटरची चौकट चुन्याने आखून झाली की ते रेघेच्या बाहेर चारी बाजूंना तीन-तीन मीटर चालायचे आणि एकेक खडा वेचून फेकायचे. मी कंटाळायची. ते म्हणायचे, "खेळणारा रेघेपाशी थांबते का वं?"

आणि मी स्वतः थांबले नव्हते. कॉलेजात असताना एका सभागृहात नेट बांधून आमची निवड चाचणी घेतली होती. भिंत रेघेला चिकटलेली. शटलमागे धावले आणि उजवं मनगट भिंतीवर आदळलं. ते आजही वाकडं आहे. तेव्हापासून खडू डाव्या हाताने धरते आणि रॅकेटही.

तर मी मोजलं. हॉलची रुंदी अठरा मीटर. कोर्टाची लांबी तेरा मीटर चाळीस, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर, म्हणजे सतरा चाळीस. बसलं. आता लांबीकडून. भिंतीपासून सुतळीपर्यंत साडेबत्तीस मीटर. एका कोर्टाची रुंदी सहा मीटर दहा. पहिली भिंत, दोन मीटर सोडा, कोर्ट, दोन मीटर, कोर्ट... असं करत मी चौथ्या कोर्टाच्या शेवटच्या रेघेवर पोहोचले तेव्हा टेपवर बत्तीस मीटर चाळीस आलं होतं. पुढे सुतळीपर्यंत दहा सेंटीमीटर. माझी वीतही मावेना!

इंजिनीअरला तिथेच बोलावून घेतलं. पोरगा हुशार, नुकताच नोकरीला लागलेला.

"मॅडम, एक कोर्ट छह दस, दो मीटर मार्जिन, आठ दस. चार कोर्ट, बत्तीस चालीस. मैंने तो दस सेंटीमीटर ज्यादा ही दिया है."

"आणि शेवटच्या कोर्टाच्या पलीकडचे दोन मीटर कोण देईल? तुझा काका?"

मी त्याला माझ्या हाताची चार बोटं पसरून दाखवली. "ही चार कोर्टं. मधल्या फटी तीन. करंगळीच्या बाहेर एक, इकडे तर्जनीच्या बाहेर एक. किती झाल्या?"

त्याने स्वतःची बोटं पसरली, मोजली, आणि त्याचा चेहरा उतरला. "पाँच."

"हौ. पाच. तू चारच धरल्या."

तोवर सचिवही आले. वयाने मोठे, भंडाऱ्याकडून आलेल्या शेतकरी घराण्यातले. शाळेसाठी उन्हातान्हात फिरलेला माणूस. ऐकून म्हणाले, "मॅडम, दोनच्या जागी थोडं कमी सोडू न सगळीकडं. कोन मोजून राह्यलं?"

इंजिनीअरने लगेच हिशेब केला: पाचही ठिकाणी सारखं वाटून दिलं तर एक मीटर बासष्ट.

"पत्रात दोन लिहिलंय," मी म्हणाले. "ते मोजतील. नाही तर तीन कोर्टं आखा. तीनला सव्वीस मीटर तीस पुरतात. मग स्पर्धा गेली. आणि चौथं हवं असेल तर ही सुतळी दोन मीटर मागे घ्या."

"मागं काय आहे, मालूम आहे न?" सचिव म्हणाले. मागे त्यांचं ऑफिस होतं. चार मीटरचं. दोन मीटर गेले की राहिले दोन. "सोफा कुठं ठेवू? पाहुणे आले त मले उभं राहा लागते का?"

"काहून, खुर्च्या नाहीत का?" मी म्हटलं आणि जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

ते चिडले. ड्रॉइंग पास झालंय, म्हणाले. बाईमाणसाने बांधकामात किती नाक खुपसायचं, असंही म्हणाले. मला बाबांची आठवण आली. मिस्त्रीकडून चुना मागितला. त्याने घमेलं आणून दिलं, वर विचारलं, "बाई, आखायला दुसरी दोरी देऊ?" त्या हॉलमध्ये माझ्या बाजूचा तो एकटाच.

चौथं कोर्ट मी गुडघ्यांवर बसून आखलं. मग मैदानावर सराव करणारी माझी परसवाड्याकडची पोर बोलावली. आमच्या संघातली सगळ्यात चपळ. मी नेटच्या जागी उभी राहिले आणि डाव्या हाताने शटल बाजूच्या रेघेवर टाकलं. ती धावली, मारलं, आणि सुतळी पोटाने ओढत पार ऑफिसच्या मधोमध जाऊन थांबली. दोन्ही खिळे उपटले गेले.

कोणी हसलं नाही. तिथे उद्या विटा येणार होत्या.

सचिव त्या पोरीकडे पाहत होते, मग माझ्या मनगटाकडे. त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. "ठोक रे खिळे. दोन मीटर मागं." आणि माझ्याकडे न बघता, "सोफा नेतो घरी."

मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या पाया पडणार होते. पडले नाही, घडीभरापूर्वीच भांडले होते.

स्पर्धेच्या सकाळी निरीक्षक टेप घेऊन आले. पाचही ठिकाणी लावला. शेवटी दोन मीटर दहा निघाले. इंजिनीअर माझ्या शेजारी उभा होता, त्याने खिशातच बोटं मोजलेली मी पाहिली.

दुहेरीचा आमचा सामना चौथ्या कोर्टावर लागला. शेवटच्या गेमला समोरच्यांनी शटल अगदी बाजूच्या रेघेवर टाकलं. माझी पोर धावली, वाकली, मारलं आणि वेगात रेघेबाहेर गेली. एक पाऊल, दुसरं, तिसऱ्याला आवरली. मोकळा हात भिंतीला हलकेच टेकवला, वळली आणि परत आत आली. शटल पलीकडे पडलं होतं. पॉइंट आमचा.

सचिव आपल्या चिंचोळ्या ऑफिसच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून ओरडत होते. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मनगटातून कळ आली. येऊ दे म्हटलं, आणि आणखी जोरात वाजवल्या.