जाय आणि नाका

गोवा मुक्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या अमरावतीच्या घरामागच्या दोन खोल्यांत एक गोव्याचं जोडपं राहायला आलं. नवरा तारऑफिसात होता. आधी बरीच वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे त्याची मराठी अस्खलित होती. बायको मात्र लग्न होऊन थेट गावाहून आलेली, विशीबाविशीची. वडिलांनी घरी मराठी वाचायला शिकवलेलं, पोथ्या ती घडाघडा वाचायची. बोलायची वेळ आली की मात्र तोंडातून कोकणीच निघे, आणि ते समोरच्याला कळतं आहे असं तिला वाटे, कारण वाचलेलं आणि बोललेलं यांतलं अंतर तिला अजून दिसलं नव्हतं.

मी तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, शाळामास्तराची बायको. मला तिचं बोलणं बरंचसं समजायचं, आणि न समजलेलं मी अंदाजाने भरून काढायची. पण नव्या गावाला बुजून तीन महिने ती घराबाहेर पडली नाही. भाजी नवराच संध्याकाळी घेऊन येई. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, "अगं, कोकणी अन् मराठी काय वेगळ्या आहेत? तुझ्या तोंडातलं बोल, लोकांना कळतं." हे मी मोठ्या खात्रीनं सांगितलं. चूक तिथेच झाली.

संक्रांतीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी मी तिला सोबत घेतलं. तीळ घेतले. गूळ राहिला. मी म्हटलं, "तो तू घे. मी वांगी बघते, इथेच आहे शेजारी."

निंबाच्या झाडाखाली एक माळीण बसायची. पन्नाशीची, धिप्पाड, हिरव्या लुगड्याचा पदर खोचलेला. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, मागे टोपलीत गोणपाटाखाली गुळाच्या भेल्या; तिच्या भावाकडे उसाचं गुऱ्हाळ होतं. त्या जागेवरून महिनाभर तिची एका मोठ्या फळवाल्याशी कटकट चालू होती. त्याला ते झाड हवं होतं, आणि तो येता-जाता "उठ, जाय इथून" म्हणायचा. हे मला नंतर कळलं.

मी वांगी निवडत होते. मागून ऐकू आलं.

"गोड आसा?" आमची गोवेकरीण विचारत होती.

माळीण खूश झाली. "गोडच हाये बाई. वरुडचे संत्रे हायेत. चाखून पाहा." तिनं एक संत्रं सोलून फोड पुढे केली.

"नाका," गोवेकरीण हात हलवत म्हणाली. "नाका, नाका."

"नाका?" माळीण गोंधळली. "नाका इथं कुठून आला? नाका तिकडे, बडनेऱ्याच्या रस्त्यावर. कोनाची गाडी अडवली का जकातवाल्यानं?"

"नाका गो," ती कळकळीनं म्हणाली. आता तिला घाई झाली होती. तिनं माळिणीच्या खांद्यामागच्या टोपलीकडे बोट केलं. "म्हाका जाय. जाय, जाय."

बोट मागे, आणि शब्द "जाय". माळिणीनं हातातली फोड खाली ठेवली.

"मले जाय म्हनते?" ती हळू आवाजात म्हणाली. तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुले बी त्यानंच धाडलं का? बारा वर्षं झाली मले या झाडाखाली. संक्रांत तोंडावर आली, मानसानं चांगलं बोलाव, अन् ही कालची पोरगी मले जाय म्हून राहिली."

शेजारच्या दोन-तीन बायका वळल्या. आमच्या पोरीचा चेहरा उतरला. चूक काय झाली ते तिला कळत नव्हतं, पण समोरची बाई दुखावली आहे एवढं दिसत होतं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि आणखी समजावण्यासाठी पुन्हा तेच म्हणाली, "ना गो, म्हाका जाय."

मी वांगी तिथेच टाकून गेले. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी उलगडा झाला नव्हता. "नाका" मला माहीत होतं. चहा पुन्हा विचारला की ती पेल्यावर हात ठेवून तेच म्हणे. "जाय" मात्र मी कधी ऐकलं नव्हतं, कारण माझ्या घरी ती कधी काही मागतच नसे.

"तुला काय हवंय ते हातानं दाखव," मी म्हटलं.

ती ढिगाला वळसा घालून गेली, गोणपाट बाजूला केलं आणि भेलीवर तळवा ठेवला. "हें. हें गोड. म्हाका गोड जाय, वयनी."

तेव्हा सगळ्याचा अर्थ एकदम लागला. मी माळिणीजवळ उकिडवी बसले.

"मावशी, ती तुम्हाला उठवत नाही. तिच्या बोलीत गुळाला गोड म्हणतात. नाका म्हणजे नको. अन् जाय म्हणजे पाहिजे."

"जाय म्हंजे पायजे?"

"हो. तिला गूळ पाहिजे, एवढंच."

माळिणीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा विश्वास बसला नव्हता. फळवाल्यानं तिला शहाणं केलं होतं.

"मंग तुमच्यात एखाद्याले खरंच निंघून जा म्हनाचं असलं, तर काय म्हनता?" तिनं थेट पोरीलाच विचारलं.

पोरीला मराठी समजत होतीच. ती डोळे पुसत म्हणाली, "वच."

"वाच?"

"वच."

माळिणीचं पोट हसण्यानं हलायला लागलं. "म्हंजे हाकलाचं असलं तर मानसाले वाचाले लावता? मास्तरीनबाई, हे तुमच्या शाळेत चालन बरं." शेजारच्या बायकाही हसल्या. गोवेकरणीला विनोद कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तीही पदर तोंडाशी धरून हसू लागली. तीन महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

माळिणीनं चांगली पिवळीधमक भेली निवडून दिली. सोललेलं संत्रं तिच्या हातात कोंबलं. ती सवयीनं "नाका" म्हणणार, तोच माळीण म्हणाली, "आता नाका नाही चालत. जाय म्हन."

ती म्हणाली. घरी येताना वाटभर आम्ही ते संत्रं खात आलो.

मला मात्र त्या दिवशी लाज वाटली. रात्रीच्या जेवणाला मी यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगदी वेगळी भाषा असती तर तू तिला आधी शिकवलं असतंस." ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी दुपारी बसून शब्द समोरासमोर ठेवू लागलो. तिचं उदक म्हणजे साधं प्यायचं पाणी, माझं उदक श्राद्धाच्या दिवसाचं. तिचं नुस्तें म्हणजे मासे, माझं नुसतं म्हणजे फक्त. बाजारात ती आता एकटी जाई, आणि माळीण लांबूनच विचारी, "बाई, जाय का नाका?" झाडाखालची जागा तिच्याकडेच राहिली, फळवाल्यानं पुढे रस्त्यापलीकडे दुकान घेतलं.

दोन वर्षांनी तारऑफिसानं त्यांना अकोल्याला धाडलं. जठारपेठेत बिऱ्हाड केलं होतं, तिथे मी एकदा राहायला गेले. दारावर कोथिंबीरवाली आली होती आणि आमची ही कमरेवर हात ठेवून तिला विचारत होती, "काहून वं, इतकुशी जुडी? मले मोठी पायजे." मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत राहिले.

दुपारी जेवायला बसलो. माझ्यापाशी मात्र ती अजून आपलंच बोले. तिनं विचारलं, "वयनी, आनीक शीत वाडूं?" आमच्याकडे शीत म्हणजे भाताचा एक दाणा. मी म्हटलं, "वाढ, एकच शीत." तिनं डावभर भात वाढला, वरून वरण ओतलं आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाही.