शाळेच्या भिंतीवरचा बोका

आमचे अण्णा बोर्ड रंगवायचे. वाशीत नवी दुकानं उघडत होती तेव्हाची ही गोष्ट. किराणा, टेलर, दवाखाना, कुणाचाही बोर्ड असो, अण्णांच्या हातचा. पण त्यांचा खरा जीव होता फोटोवरून चित्र काढण्यात. गेलेल्या माणसाचा पासपोर्टएवढा फोटो घेऊन लोक यायचे आणि अण्णा त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखून भिंतीवर लावण्याएवढा माणूस उभा करायचे. भुवईचा केसन् केस दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे.

आमच्या खोल्यांच्या मागे शाळेचं मैदान होतं. आमचा बोका रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या कुंपणावर जाऊन बसायचा. अंगानं पांढरा, एका डोळ्यावर काळा ठिपका, शेपटीला काळी वळी आणि भांडणात फाटलेला डावा कान. पोरं त्याला ‘सर’ म्हणायची. दिल्लीच्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह असलेला हत्ती टीव्हीवर पाहिल्यापासून मुलांना आपल्याही शाळेच्या क्रीडादिनाला असा एखादा प्राणी हवा होता. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, कुठला? सगळी शाळा ओरडली, बोका! संस्थेच्या एका सभासदांनी मांजर आडवं जाण्याचा मुद्दा काढला, पण बाईंनी ऐकलं नाही. त्या स्वतः आमच्याकडे आल्या.

“तुमचाच बोका, तुमचाच हात,” बाई अण्णांना म्हणाल्या. “कार्टून पाहिजे. मैदानाच्या टोकाच्या भिंतीवर, मुलांच्या गंजीवर आणि छातीवर लावायच्या बिल्ल्यावर.”

अण्णा हरखले. ओळखीच्या फोटोवाल्याला बोलावून त्यांनी कुंपणावर बसलेल्या बोक्याचा फोटो काढून घेतला आणि आठवडाभर आपल्या पेंटिंगच्या दुकानाचं बाकी काम बाजूला ठेवून चित्र केलं. चित्र खरंच सुंदर होतं. अंगावरचे केस, डोळ्यातली चकाकी, नाकाचा ओलेपणा, सगळं होतं. आईनं तर त्याच्यासमोर दुधाची वाटी धरून चेष्टा केली.

गंज्या छापणारा मात्र ते बघून डोकं खाजवायला लागला. “अण्णा, चित्र लय भारी हाय. पण एवढे बारीक केस छापताना बुजतात. नुसता राखाडी डाग येईल. दोनच रंग द्या आणि जाड रेषा द्या.”

अण्णांनी केस कमी केले. पुन्हा कमी केले. पण छायाप्रकाश काही त्यांच्या हातून सुटेना. मी तेव्हा मुंबईला कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला होते, बसनं खाडीपूल ओलांडून रोज जायचे. आम्हाला कॉलेजात हेच शिकवत होते. मी म्हटलं, “अण्णा, मी बघू का?”

“बघ की,” ते म्हणाले.

मी फोटोवर बटर पेपर ठेवून फक्त बाहेरची कड उतरवली आणि मग फोटो उपडा करून ठेवला. समोर राहिला की मोह होतो. कागदातून आकार कापले. डोक्याला मोठा गोल, जवळजवळ अंगाएवढा. अंग पेरूसारखं, खाली रुंद. दोन त्रिकोण कानांचे, डाव्याला एक ठसठशीत खाच. शेपटी वर वळलेली, तिला तीनच जाड पट्टे. खरी वळी पुष्कळ होती. डोळ्यावरचा ठिपका म्हणजे एक काळा गोल, त्यात पांढरा गोल. मागचे पाय काढूनच टाकले. मिशा दोन्हीकडे दोन-दोन, बोटाएवढ्या जाड. मग तोच आकार सगळा काळा करून पाहिला. नुसत्या सावलीतही आमचाच बोका कळत होता, कानावरून आणि शेपटीवरून. शेवटी रुपयाच्या नाण्याएवढा काढला. तिथेही बुजला नाही.

अण्णांनी तो कागद हातात घेतला.

“एवढ्याच मिशा?”

“जास्त काढल्या तर बिल्ल्यावर त्यांचा गुंता होतो.”

“आणि पाय?”

“बसलाय ना तो. नाही दिसले तरी चालतं.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं सारख्या मापात करून त्यांनी मैदानाच्या भिंतीला चिकटवली आणि चालत पार फाटकापर्यंत गेले. मी मागोमाग. तिथून त्यांचं चित्र म्हणजे मळकट ठिपका दिसत होता. माझा बोका थेट आमच्याकडे बघत होता.

“माझं दिसत नाही इथनं,” अण्णा म्हणाले. “तुझं दिसतंय.”

भिंत त्यांनीच रंगवली. खिळा ठोकून, दोरी बांधून डोक्याचा गोल फिरवला. कड इतकी स्वच्छ की मला जन्मात जमली नसती. क्रीडादिनाला सगळ्या मैदानभर तो बोका होता, गंज्यांवर, बिल्ल्यांवर, झेंड्यावर. बाईंनी माईकवरून माझं कौतुक केलं. अण्णांजवळ येऊन म्हणाल्या, “मुलगी तयार झाली तुमची.”

“हो,” अण्णा हसून म्हणाले. “मी फक्त रंग भरला.”

त्याच आठवड्यात कधीतरी जेवताना त्यांनी मला विचारलं, “काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते कसं ठरवतेस गं? मला दाखव ना एकदा.” मी म्हटलं, सुट्टीत दाखवते. सुट्टी लागायच्या आतच फोर्टमधल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत मला कॉलेज सुटल्यावरचं काम मिळालं. पुढे तेच कायमचं झालं. सकाळी जायचे ते रात्री घरी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि माझ्या ते मनातूनच गेलं.

दोन-एक वर्षांनी त्यांच्या बोर्डावरची अक्षरं आखलेल्या ओळीच्या बाहेर जायला लागली. रस्त्यात बाजूनं येणारी सायकल त्यांना दिसेना. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे आणि बराच जुना आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायची. फोटोवरून चित्रं काढणं त्या दिवसापासून थांबलं. मोठे, ठळक आकार मात्र त्यांना अजून चांगले दिसत होते. शाळेची भिंत पाहून बालवाड्यांची माणसं दुकानात यायची, तसला ससा काढून द्या, तसला हत्ती द्या म्हणायची. अण्णा त्यांना परत पाठवायचे. “ते पोरगी करते. मला नाही येत.” हे मला फार उशिरा कळलं. त्या कामावर त्यांची आणखी चार-पाच वर्षं हातात ब्रश घेऊन गेली असती. त्याऐवजी ती त्यांनी दुकानाच्या ओट्यावर रेडिओ ऐकत काढली.

अण्णा गेल्यावर एकदा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुला माहितीये का, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दुकानाच्या फरशीवर खडूनं काहीतरी काढत बसायचे. गोल, त्रिकोण. ससे असायचे, कोंबडे असायचे. कुणी आलं की पायानं पुसून टाकायचे.”

“जमत होतं का त्यांना?”

“मला काय कळतंय त्यातलं? मला तर ससा ससाच वाटायचा.”

“मग मला का नाही सांगितलंस गं?”

आईनं भाजीतून मान वर केली नाही.

“तू दमून यायचीस,” ती म्हणाली. “तेच म्हणायचे, तिला नको सांगू.”