रात्रपाळीचं रविवारी काय होतं

शहापूरच्या आमच्या छोट्या इस्पितळात वॉर्डला आम्ही पाच नर्सेस होतो आणि रात्रपाळी मात्र एकीचीच. ती किन्हवलीची, सगळ्यांत नवी. तिचं तीन वर्षांचं पोर गावी आईकडे. बाकीच्यांचे शनिवार-रविवार वर्षानुवर्षं ठरलेले. कुणाचा उपवास, कुणाच्या मुलांची परीक्षा. परीक्षा बारा महिने चालायच्या.

आमच्यातली सर्वांत जुनी सिस्टर तर समजावून सांगायची, "अगो, रात्री पेशंट झोपलेले असतात. तुला काय करायचं असतं?"

एका दुपारी ती नवी माझ्यापाशी औषधांचा ट्रे लावत म्हणाली, "ताई, पोर मला मावशी म्हनतंय. माझ्या आईला आई म्हनतं."

त्या महिन्यात इन्चार्ज सिस्टर लांबच्या रजेवर गेल्या आणि ड्युटी लावायचं काम माझ्याकडे आलं. मला असली कामं आवडतात. प्रत्येकीला पाळीपाळीनं एक आठवडा नाईट लावली, त्यात मीही. आधी नाईट बुधवारी सुरू होऊन रविवारी संपायची, म्हणजे रविवार कामात जायचा आणि सुट्टी मिळायची सोमवार-मंगळवारी; त्या दोन रात्री शेजारच्या वॉर्डची सिस्टर बघायची. मी ती शुक्रवारी रात्री सुरू केली. पुढच्या शुक्रवारी सकाळी सुटायचं, दिवसभर झोपायचं, शनिवार-रविवार मोकळे.

कुणी भांडलं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्याकडे आपसात पाळी बदलायची रीत होती. जुनीनं नवीला चिवडा खाऊ घातला, गोड बोलली आणि आपली नाईट तिच्या गळ्यात मारली. परतफेड "पुढं बघू". दुसरीला तेवढ्यात कंबरदुखी सुचली. दोन महिन्यांत पाळी कागदावर पाच जणींची आणि रात्री पुन्हा त्या एकीच्याच.

मग मी सांगून टाकलं, बदली नाईटच्या बदल्यात नाईटचीच, आणि तीही पाच आठवड्यांची फेरी संपायच्या आत.

"हा कायदा तुमीच केलात का?" जुनी म्हणाली.

"तुमी केला असता तर मला करावा लागला नसता."

तिचा आठवडा आला. तिनं डॉक्टरांना गाठलं. दिवसपाळी आणि रात्रपाळीतला फरक त्यांना कधी कळलाच नव्हता; "तुम्ही आपसात बघा" एवढंच ते म्हणाले. शेवटी तिनं नाईट केली. शुक्रवारी सकाळी मला चार्ज देताना डोळे सुजलेले, आवाज बसलेला. एक पेशंट रात्रभर उलट्या करत होता, एकाचं सलाईन दोनदा निघालं.

"यानंतर दोन सुट्ट्या कमी आहेत," ती म्हणाली. "माणसाला तीन तरी पाहिजेत."

इतकी वर्षं तिच्या लेखी त्या दोन सुट्ट्या म्हणजे चैन होती. मी म्हटलं, लेखी द्या, मी सही करते. लेखी काही आलं नाही. पण पाळी बदलून मागणंही थांबलं.

किन्हवलीच्या सिस्टरची पहिली मोकळी शनिवार-रविवारची जोडी तीन आठवड्यांनी आली. सोमवारी ती कामावर आली ती हाताला चावल्याची खूण घेऊन. निघताना पोरानं सोडलंच नाही म्हणे. दिवसभर ती ते ज्याला त्याला दाखवत होती.