मराठीतलं एकच वाक्य

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टला सादरीकरणासाठी बारा मिनिटं मिळाली होती. बोलणारे तिघं, स्लाइड नऊ. घड्याळ माझ्या हातात होतं, कारण आरडाओरडा करायची ताकद तिघांत माझ्याकडंच होती.

वहीच्या पानावर मी तक्ता आखला. पडेगावचा मित्र पहिल्या तीन स्लाइड तीन मिनिटांत उरकणार. यंत्र आणि प्रोग्रॅमच्या पुढच्या तीन माझ्या, चार मिनिटं. शेवटच्या तीन, शेतातली चाचणी आणि निष्कर्ष, खुलताबादच्या मैत्रिणीच्या, तिलाही चार. एकानं दुसऱ्याकडं सूत्रं देताना म्हणायच्या वाक्यांना पंधरा-पंधरा सेकंद. उरलेलं अर्धं मिनिट अडीअडचणीला.

तालमीला आम्ही रिकाम्या वर्गात उभे राहायचो. मित्राचं बरोबर बसायचं. मैत्रीण मात्र चाचणीच्या स्लाइडवर अडकायची. मातीतला ओलावा मोजणारं आमचं यंत्र महिनाभर तिच्या वडिलांच्या मक्यात उभं होतं. ते रोज सकाळी तारा बघायचे, आकडे वहीत लिहून ठेवायचे. ते सगळं तिला सांगायचं असायचं. दोन मिनिटांची स्लाइड पावणेतीनवर जायची.

"वडिलांचं काढ," मी म्हणाले. "परीक्षकांना आकडे पाहिजेत, घरचं पुराण नको."

"काढते. पण बाबा येणार हायत ऐकायला," ती म्हणाली. "त्यांना सांगून बसलेय मी, तुमचा उल्लेख हाय म्हणून."

मला तिची दया आली आणि रागही आला. आधी विचारायचं तरी! मग मीच तोड काढली. तिच्याकडं सूत्रं देण्याचं वाक्य माझं होतं, त्याचे पंधरा सेकंद धरलेलेच होते. ते मी नव्यानं लिहिलं: "ज्यांच्या शेतात हे यंत्र महिनाभर उभं होतं आणि ज्यांनी रोजचे आकडे लिहून ठेवले, ते शेतकरी आज इथं बसले आहेत, तिथं काय घडलं ते आता त्यांचीच मुलगी सांगेल." सगळं सादरीकरण इंग्रजीत, एवढं एक वाक्य मराठीत. त्यांना कळावं म्हणून. मैत्रिणीनं ते दोनदा वाचलं आणि पान माझ्याच फाइलीत ठेवून दिलं.

त्या दिवशी तिचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर ती आकड्यांची वही. मित्रानं वेळेत संपवलं. मी उभी राहिले आणि चांगली रंगले. प्रोग्रॅमच्या स्लाइडवर एका परीक्षकांनी मान डोलावली, मधेच काहीतरी विचारलं, आणि माझी गाडी सुटली ती सुटलीच. तालमीत दुसऱ्यांवर डाफरणारी मी, समोरच्या घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही.

तीन मिनिटं उरल्याची घंटा वाजली तेव्हा मी अजून बोलतच होते. तोवर मैत्रिणीचं सुरू व्हायला पाहिजे होतं. "नेक्स्ट" एवढंच म्हणून मी बाजूला झाले. ते वाक्य मी गिळलं. पंधरा सेकंदांनी काय बिघडलं असतं, हे आज कळतं.

तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग चार मिनिटांचं तीन मिनिटांत बसवलं, एकही आकडा न चुकवता. शेताचा फोटो पडद्यावर आला आणि गेला. मागं तिचे वडील सरसावून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला हळूच विचारलं, "माझं कव्हा आलं गं?"

मी तिथंच होते, हातभर अंतरावर. मैत्रीण म्हणाली, "आलं की बाबा. इंग्रजीत आलं."

"तरीच," ते म्हणाले. "तरीच मला कळलं नाय." आणि माझ्याकडं वळून हसले, "तुम्ही लई भारी बोलल्या."

मी "थँक्यू काका" म्हणाले. खरं सांगायला तेव्हाही पंधरा सेकंदच लागले असते.

आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. तिला पुण्यात नोकरी लागली, मी इथंच राहिले, आणि फोन कमी होत होत सणासुदीच्या मेसेजवर आले. तिची फार आठवण येते. तिचं संथ बोलणं, एकच गोष्ट पहिल्यापासून सांगणं, ज्यावर मी घड्याळ आपटायची, ते सगळं आता तासभर ऐकलं असतं.

खुलताबाद इथून काही लांब नाही. कित्येकदा गाडी काढली आणि पडेगावच्या पुढं जाऊन परत फिरवली. काका घरी असतील, चहा ठेवायला लावतील, विचारपूस करतील. ते वाक्य मला पाठ आहे. पण ते मराठीत म्हटलं, की त्या दिवशी पोरगी आपल्याशी खोटं बोलली हे त्यांना कळेल.